मोनोच्या स्मिअरमधल्या वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट

पावसाळा सरत आला की सोलापुरातल्या आमच्यासारख्या छोट्या लॅबमध्ये तापाच्या पेशंटची रीघ लागते. सीबीसीच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर 'डेंग्यू?' असं लिहिलेलं असतं. त्या गर्दीत अधूनमधून एक स्मिअर असं येतं, की डीएमएलटी करून नुकतीच रुजू झालेली मुलगी मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणते, "मॅडम, ब्लास्ट आहेत वाटतं." ब्लास्ट म्हणजे ल्युकेमियात दिसणाऱ्या अपक्व पेशी. इन्फेक्शिअस मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजेच मोनो, या विषाणूच्या आजारातल्या अशाच एका स्मिअरबद्दल सविस्तर लिहिते, कारण नव्याने स्मिअर वाचणाऱ्यांची इथेच जास्त घालमेल होते.

पेशंट सतरा वर्षांचा, बारावीत, हॉस्टेलवर राहणारा. सहा दिवसांचा ताप, भाकरीचा घास उतरू नये इतका सुजलेला घसा, मानेच्या मागच्या बाजूला गाठी. हिमोग्लोबिन १३.९, पांढऱ्या पेशी १६,८००, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. आमचं मशीन थ्री-पार्ट आहे, म्हणजे पांढऱ्या पेशी आकारमानावरून तीनच गटांत वाटतं. त्याने लिम्फोसाइट खूप वाढलेल्या दाखवल्या आणि मधला MID हा गटही फुगवून दाखवला. या मधल्या गटात मोनोसाइट मोजल्या जातात, पण मोठ्या झालेल्या लिम्फोसाइटही त्यातच जाऊन बसतात. त्यामुळे MID वाढलेला दिसला की मी मशीनचा आकडा तसाच रिपोर्टवर जाऊ देत नाही, स्मिअर बघतेच.

स्मिअर बघण्याआधी ते बघण्यालायक आहे का, हे ठरवावं लागतं. ईडीटीएच्या ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास पडून राहिलं, तर साध्या लिम्फोसाइटमध्येही पोकळ्या दिसू लागतात आणि केंद्रकाला खाचा पडतात. म्हणून शक्यतो दोन तासांच्या आत स्मिअर काढायचं. बाहेरगावाहून आलेल्या सॅम्पलवर वेळ लिहिलेली नसेल तर मी फोन करून विचारते. दुसरी गोष्ट पाण्याची. लीशमन स्टेनमध्ये ६.८ पीएचचं बफर न वापरता बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतलं, तर सगळ्याच पेशी जास्त निळ्या होतात आणि प्रत्येक लिम्फोसाइट संशयास्पद वाटायला लागते. उन्हाळ्यात तर स्टेनमधलं मेथॅनॉल भराभर उडून स्लाइडवर साका बसतो. तेव्हा आधी तांबड्या पेशी बघा. त्या गुलाबीसर दिसत असतील तर लिम्फोसाइटच्या निळेपणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

या मुलाचं स्मिअर ताजं होतं, स्टेनही चांगला होता. शंभर पेशी मोजल्या, त्यांत न्यूट्रोफिल २२, लिम्फोसाइट ७२, मोनोसाइट ५, इओसिनोफिल १. त्या ७२ पैकी ३१ लिम्फोसाइट नेहमीसारख्या नव्हत्या. बऱ्याचशा भल्यामोठ्या होत्या, फिकट निळं सायटोप्लाझम भरपूर, आणि ते शेजारच्या तांबड्या पेशींना असं बिलगलेलं, जसं पावसाचं पाणी दगडांना वळसा घालत पसरतं. जिथे तांबडी पेशी टेकली होती तिथली कड गडद निळी. काहींचं केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचं होतं, काही पेशी लहान पण गर्द निळ्या होत्या, आणि दोनचार पेशींत न्यूक्लिओलसही दिसत होता. ब्लास्टची शंका आली ती या शेवटच्या दोनचार पेशींमुळे.

आता या पेशी अशा का दिसतात ते बघू. मोनो बहुतेक वेळा एप्स्टाइन-बार विषाणूमुळे, म्हणजे ईबीव्हीमुळे होतो. हा विषाणू शिरतो बी लिम्फोसाइटमध्ये, तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी २१ या रिसेप्टरला धरून. नवखा माणूस साहजिकच समजतो, की स्मिअरवरच्या विचित्र पेशी म्हणजे विषाणूने बिघडवलेल्या पेशी. तसं नसतं. त्यांतल्या बहुतेक सीडी ८ टी पेशी असतात, म्हणजे बाधित बी पेशींना मारायला निघालेल्या, मुळात निरोगी असलेल्या पेशी.

स्वस्थ बसलेल्या लिम्फोसाइटला फारसं काम नसतं. तिचं क्रोमॅटिन घट्ट आवळलेलं असतं, म्हणून केंद्रक गडद दिसतं, आणि सायटोप्लाझमची नुसती किनार असते. विषाणूचा अंश ओळखला की हीच पेशी जागी होते, आणि तिलाच रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट म्हणतात. विभाजन करायचं आणि मारक प्रथिनं बनवायची तर जनुकं वाचावी लागतात, म्हणून क्रोमॅटिन सैल होतं आणि कधी न्यूक्लिओलसही डोळ्यांना दिसतो. प्रथिनं बनवायला रायबोसोम वाढतात. रायबोसोममध्ये आरएनए असतो आणि तो स्टेनमधला निळा, बेसिक रंग ओढून घेतो, म्हणून सायटोप्लाझम निळं होतं. पेशी वाढलेली, मऊ आणि लवचिक झालेली असते, म्हणून स्मिअर ओढताना ती तांबड्या पेशींभोवती पसरते. स्लाइडवरची प्रत्येक विचित्र खूण अशी त्या पेशीच्या चालू कामाशी जोडता येते. मला स्वतःला हे कळल्यावर वर्णनं पाठ करायची गरज उरली नाही.

ब्लास्ट वेगळे कसे ओळखायचे, याचं उत्तरही यातच आहे. मोनोमध्ये वेगवेगळ्या पेशी जागं होण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात, म्हणून एकीसारखी दुसरी दिसत नाही. डाउनी यांनी १९२३ मध्येच त्यांचे तीन प्रकार पाडले होते, आणि एकाच स्मिअरवर तिन्ही सापडू शकतात. ल्युकेमियात एकाच पेशीची पिलावळ असते, म्हणून ब्लास्ट बरेचसे एकसारखे दिसतात: बारीक क्रोमॅटिन, सायटोप्लाझम अगदी थोडं, कडा बहुधा गोल. म्हणून एका भीतीदायक पेशीवर नजर खिळवू नका, वीसतीस पेशी शेजारीशेजारी मनात मांडून बघा. शिवाय हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघा. या मुलाचं हिमोग्लोबिन उत्तम होतं आणि प्लेटलेट किंचितच कमी, तेवढ्या मोनोमध्येही होतात. पेशी एकसारख्या दिसत असतील, किंवा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेले असतील, तर मात्र स्वतः निर्णय न घेता हिमॅटॉलॉजिस्टकडे स्लाइड पाठवायची.

डेंग्यूतही अशा पेशी दिसतात, बऱ्याचदा प्लाझ्मा पेशींसारख्या गर्द निळ्या. पण तिथे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा सुरुवातीला सहसा कमी असतो आणि प्लेटलेट जास्त पडतात. सायटोमेगॅलोव्हायरस, एचआयव्हीची सुरुवात, टॉक्सोप्लाझ्मा, फेनिटोइनसारखी औषधं, यांतही त्या दिसतात. म्हणून स्मिअरवरून 'मोनो' असं लिहायचं नसतं. निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट आणि दहा टक्क्यांहून जास्त रिॲक्टिव्ह, असं गणित तापाच्या आणि घशाच्या लक्षणांशी जुळलं तर शंका पक्की होते, निदान नव्हे.

मी रिपोर्टवर लिहिलं: 'लिम्फोसायटोसिस, रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट ३१ टक्के, ब्लास्ट नाहीत, विषाणू संसर्गाशी सुसंगत, हेटेरोफाइल अँटिबॉडी आणि लिव्हरच्या तपासण्या सुचवते.' आणि डॉक्टरांना फोन केला, कारण घशासाठी अमॉक्सिसिलिन सुरू झालं होतं. मोनोमध्ये त्याने अंगभर पुरळ उठू शकतं. पोट तपासल्यावर प्लीहा हाताला लागली, म्हणून मुलाला कबड्डीपासून महिनाभर दूर ठेवलं. फुगलेली प्लीहा मार लागून फुटू शकते.

मोनोसाठी करतात ती हेटेरोफाइल चाचणी त्या दिवशी निगेटिव्ह आली. पहिल्या आठवड्यात असं बऱ्याच जणांचं होतं, आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर ती अनेकदा पॉझिटिव्ह होतच नाही. त्यांच्यासाठी ईबीव्ही व्हीसीए आयजीएम ही अँटिबॉडीची चाचणी मागवावी लागते. आठवड्याने पुन्हा केल्यावर या मुलाची चाचणी पॉझिटिव्ह आली. महिन्याने काढलेल्या स्मिअरवर रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट ६ टक्के होत्या आणि न्यूट्रोफिल पूर्वपदावर आले होते.