जीसीपी सर्टिफिकेट आहे तरी मॉनिटर मान्य करत नाही? या चुका टाळा

बडोद्यात बी.फार्म करून सीआरसीच्या, म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरच्या, जॉबला लागणारी आपली मुलं बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडकतात, जीसीपीचं, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, सर्टिफिकेट असतं पण त्यावर जे हवं तेच लिहिलेलं नसतं. माझंही तेच झालं. एका इन्स्टिट्यूटमध्ये अठ्ठावीस हजार भरून डिप्लोमा केला, सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट, आईने तर दांडिया बाजारातून फ्रेम करून आणलं. ट्रायलच्या साइटवर स्पॉन्सरतर्फे रेकॉर्ड तपासणाऱ्या मॉनिटर मॅडमनी ते बघितलं आणि विचारलं, "जीसीपीचं कुठलं व्हर्जन? कोर्स पूर्ण केल्याची तारीख कुठाय?" त्यावर नुसतं बॅचचं वर्ष होतं.

म्हणून पैसे भरायच्या आधी नमुना सर्टिफिकेट मागा. त्यावर तुमचं नाव, पूर्ण केल्याची तारीख आणि ICH E6 या जीसीपी गाइडलाइनचं कुठलं व्हर्जन ते पाहिजे. R2 २०१६ चं, R3 ६ जानेवारी २०२५ ला फायनल झालं, आता आपल्या ट्रायलला कुठलं चालेल ते स्पॉन्सर सांगतो, साइटच्या सीनियर कोऑर्डिनेटरला आधीच विचारून घ्या.

मी मग रात्री जागून अमेरिकेतल्या NIDA संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स केला, साधारण सहा तासांचा आहे, सर्टिफिकेटवर तारीख आली १२. पण खरी गडबड पुढेच होती, कारण कोणाला कुठलं काम दिलंय ते लिहितात त्या डेलिगेशन लॉगमध्ये माझं नाव ५ तारखेपासून होतं आणि ९ तारखेला मी दोन पेशंटचं बीपी आणि वजन घेऊन सोर्समध्ये, म्हणजे पेशंटच्या मूळ नोंदीत, सही करून बसलो होतो, म्हणजे ट्रेनिंगच्या आधीच काम! एक सीनियर म्हणाला, "अरे ५ चं १३ कर ना, कोणाला कळतंय." कळतंच हो, सोर्समध्ये ९ ची सही आहे ना. आणि नसतं कळलं तरी, ट्रेनिंग राहिलं ही चूक सांगता येते, तारीख बदलली की ते खोटं रेकॉर्ड होतं.

आम्ही ५ तारीख तशीच ठेवली, काम खरंच तेव्हा सुरू झालं होतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी दोन्ही रीडिंग बघून सही केली, सही करतानाच्याच तारखेने. मग नोट टू फाइल लिहिली, काय झालं, कधी, कुठल्या सब्जेक्ट नंबरला (पेशंटचं नाव नाही!), का झालं, पुढे काय करणार. डेव्हिएशन लॉगमध्ये एंट्री केली, स्पॉन्सरला कळवलं.

अजून एक, असे बाहेरचे कोर्स भारतातले नियम शिकवत नाहीत. सीरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट २४ तासांत कळवायचा, हे २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये आहे, ते वेगळं वाचा आणि साइटच्या ट्रेनिंग लॉगमध्ये नोंद करा.

आणि नाव! इकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, ऑनलाइन फॉर्ममध्ये आपण उलटं टाकतो, कधी वडिलांचं नाव गाळतो. सीव्ही, सर्टिफिकेट, लॉग तिन्हीकडे एकच स्पेलिंग ठेवा, सर्टिफिकेट डाउनलोड करायच्या आधीच प्रोफाइल तपासा.