अहवाल लिहायला बसण्यापूर्वी

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात घरोघरच्या मुलांच्या मराठी वाचनाची पाहणी केली, असं समजा. २४० फॉर्म वाटले, १६० भरून आले. अहवाल लिहिण्यापूर्वी फॉर्मचा गठ्ठा पुन्हा एकदा मोजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ 'कितीपैकी' या एका शब्दात असतो.

त्या १६० घरांपैकी शाळकरी मुलं ११६ घरांत आहेत आणि त्यातल्या चौघांनी 'मूल मराठी वाचतं का' हा प्रश्न कोराच सोडलाय. म्हणजे उत्तरं ११२. त्यातली ४२ घरं म्हणतात, मूल मराठी सहज वाचतं. ११२ नं भागलं तर ३८ टक्के, १६० नं भागलं तर २६, आणि वाटलेल्या २४० नं भागलं तर १८. ज्या घरात मूलच नाही ते 'वाचत नाही'मध्ये ढकलणं चूक, म्हणून इथे ११२ च धरायचे. तक्त्याच्या डोक्यावर प्रश्न फॉर्ममध्ये होता तसाच, शब्दही न बदलता लिहा. खाली 'उत्तर दिलेली घरं ११२, कोरे ४' अशी ओळ हवीच. सहज ४२, अडखळत ४५, नाही २५; प्रत्येकापुढे कंसात टक्के, दशांश नकोत. एवढ्याशा संख्येला ३७.५ लिहिणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं.

आता आलेख. उभी पट्टी शून्यापासूनच सुरू करा. ३५ पासून सुरू केलीत तर ३८ चा खांब तीन चौकटी आणि ४० चा पाच चौकटी उंच दिसेल, आणि दोन टक्क्यांचा फरक जवळजवळ दुपटीसारखा भासेल. खांबांचा क्रम फॉर्ममधलाच ठेवा.

महूहून आठच फॉर्म आले असतील आणि सहा घरांत मुलं सहज वाचत असतील, तर '७५ टक्के' लिहू नका. 'आठपैकी सहा' पुरे.

मजकूर लिहिताना 'केवळ', 'तब्बल', 'चिंताजनक' हे शब्द शोधून काढून टाका. 'केवळ ३८ टक्के' आणि 'तब्बल ३८ टक्के' यांत आकडा तोच असतो, मत मात्र लिहिणाऱ्याचं असतं. आजी-आजोबा असलेल्या घरांत वाचणारी मुलं जास्त आढळली तर तेवढंच लिहा. 'आजीमुळे' लिहायला ही पाहणी पुरत नाही. आणि फॉर्म मंडपात आलेल्यांनीच भरले हे पहिल्याच पानावर येऊ द्या. जे मंडळाकडे फिरकतच नाहीत त्यांच्या घरचं यातून कळत नाही, म्हणून 'इंदूरची मराठी मुलं' असा मथळा नको.

छापायला देण्याआधी एकानं तक्ता मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं मजकुरातल्या आकड्यांवर बोट ठेवावं. मागे एका अहवालात माझ्याच हातून बेचाळीसचे चोवीस झाले होते, आणि ते सापडलं प्रती वाटून झाल्यावर.