संयुक्त विशेषणातील संयोगचिन्ह: ‘वेल-नोन’ लिहिताना या चुका टाळा

मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या मजकुरात संयोगचिन्हाच्या, म्हणजे हायफनच्या, ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांपैकी बऱ्याच मराठीच्या सवयीतून येतात. आपण ‘सुप्रसिद्ध लेखक’ लिहितो आणि ‘तो लेखक सुप्रसिद्ध आहे’ असेही लिहितो. समास झालेला शब्द वाक्यात कुठेही गेला तरी जोडलेलाच राहतो. इंग्रजीत मात्र पुष्कळदा शब्दांची जोडणी त्यांच्या जागेवर ठरते. ‘अ वेल-नोन ऑथर’ यात विशेषण नामाच्या आधी असल्यामुळे हायफन येतो. ‘द ऑथर इज वेल नोन’ यात ते क्रियापदानंतर गेल्यामुळे हायफन गळतो.

याचे कारण वाचकाच्या सोयीत आहे. नामाच्या आधी शब्द ओळीने आले की कोणता शब्द कोणाला चिकटवायचा, हे वाचकाला ठरवावे लागते आणि हायफन ते काम आधीच करून ठेवतो. ‘ट्वेन्टी-इयर-ओल्ड ट्रीज’ म्हणजे वीस वर्षांची झाडे. पहिला हायफन काढून ‘ट्वेन्टी इयर-ओल्ड ट्रीज’ लिहिले की तीच झाडे एकेका वर्षाची वीस रोपे होतात. क्रियापदानंतर असा घोटाळा सहसा होत नाही, कारण तिथे पुढे नाम नसते.

विद्यार्थी येथे शब्दकोशाचा आधार घेतात आणि फसतात. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘वेल-नोन’ ही नोंद हायफनसह आहे, म्हणून तो शब्द सर्वत्र तसाच लिहायचा, असा अर्थ ते काढतात. शब्दलेखन तपासणारी सोयही दोन्ही रूपे बिनतक्रार सोडते, त्यामुळे ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल ‘वेल’ने सुरू होणारी अशी रूपे नामानंतर सुटी लिहायला सांगते. असोसिएटेड प्रेसच्या जुन्या नियमात ‘इज’नंतरही हायफन राखला जात असे, म्हणून जुन्या बातम्यांतील ‘इज वेल-नोन’ला सरसकट अज्ञान ठरवू नये. आपली संस्था कोणती शैली पाळते, हे संपादकाने आधी विचारून घ्यावे.

मात्र नामानंतरचा प्रत्येक हायफन पुसत सुटणे हीही चूकच आहे, आणि नवशिक्या संपादकांकडून ती फार होते. ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’, ‘टाइम-कन्झ्युमिंग’ हे शब्द क्रियापदानंतरही जोडलेलेच राहतात. माझी कसोटी अशी आहे: पहिला शब्द दुसऱ्याचे साधे क्रियाविशेषण आहे का, हे पाहावे. ‘वेल नोन’मध्ये ‘वेल’ हे क्रियाविशेषण आहे, म्हणून तो सुटा उभा राहू शकतो. ‘कॉस्ट’ हे नाम आणि ‘ओल्ड’ हे विशेषण. ते ‘इफेक्टिव्ह’ किंवा ‘फॅशन्ड’ यांच्याआधी एकटे टिकत नाहीत. कसोटी ठोकळ आहे. शंका आली की शब्दकोश आणि शैलीपुस्तक दोन्ही उघडावीत.

आता एक वाक्य दुरुस्त करून पाहू: ‘द ऑथर इज वेल-नोन फॉर हर केअरफुली-रिसर्च्ड नॉव्हेल अबाऊट अ ट्वेन्टी-इयर्स-ओल्ड वीव्हर.’ यात तीन चुका आहेत. ‘वेल नोन’ क्रियापदानंतर आहे, म्हणून सुटे हवे. ‘केअरफुली रिसर्च्ड’ नामाच्या आधी असूनही त्यात हायफन नको, कारण ‘ली’ने संपणारे क्रियाविशेषण आपला संबंध पुढच्या शब्दाशी आहे हे स्वतःच दाखवते. तिसरी चूक अस्सल मराठी आहे. ‘वीस वर्षांचा विणकर’ म्हणताना आपण वर्षांचे अनेकवचन करतो आणि तेच इंग्रजीत नेतो; नामाआधीच्या संयुक्त विशेषणात मात्र ‘इयर’ एकवचनी राहते आणि तिन्ही शब्द जोडले जातात. तोच विणकर क्रियापदानंतर आला की ‘द वीव्हर इज ट्वेन्टी इयर्स ओल्ड’ होते, म्हणजे अनेकवचन परत येते आणि हायफन जातात. दुरुस्त वाक्य असे: ‘द ऑथर इज वेल नोन फॉर हर केअरफुली रिसर्च्ड नॉव्हेल अबाऊट अ ट्वेन्टी-इयर-ओल्ड वीव्हर.’

‘ली’ची चूक लांब हस्तलिखितात शोधायची तर शोधाच्या चौकटीत `ly-` टाईप करावे. सापडलेले सगळे एका झटक्यात बदलण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ‘फॅमिली-ओन्ड’मधले ‘फॅमिली’ हे नाम आहे, ‘फ्रेंडली-लुकिंग’मधले ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे, आणि अशा शब्दांचा नामाआधीचा हायफन योग्यच असतो. प्रत्येक जागी थांबून शब्दाची जात पाहावी आणि मगच हायफन काढावा.