पीपीटीवरून ब्लॅक बुक लिहिताय? या चुका टाळा

शेवटचा रिव्ह्यू आटोपला की ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टची घाई सुरू होते. ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोच, "पीपीटी आहे ना, तीच जरा वाढवू." मग एका स्लाइडचं एक पान होतं, बुलेट्सना दोन-दोन शब्द जोडून वाक्यं केली जातात आणि पानं भरतात. गोची अशी की प्रेझेंटेशनमधली निम्मी माहिती स्लाइडवर नसतेच, ती तुम्ही उभं राहून तोंडाने सांगितलेली असते. रिपोर्टमधून नेमकी तीच गळते.

एक नेहमीचं प्रोजेक्ट घेऊ: मातीतला ओलावा मोजून आपोआप पंप चालू करणारी यंत्रणा. मेथडॉलॉजीच्या स्लाइडवर एवढंच असतं: सेन्सर, ईएसपी32, रिले, पंप आणि खाली "थ्रेशोल्ड 40%". रिपोर्टमध्ये "थ्रेशोल्ड 40% ठेवला आहे" असं लिहिलं की एक्स्टर्नलचा पहिला प्रश्न ठरलेला: 40% म्हणजे कशाचे? सेन्सर टक्के देत नाही. ईएसपी32 वर 0 ते 4095 मधला एक आकडा मिळतो आणि कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये ओलावा वाढला की तो कमी होतो. समजा कोरड्या हवेत 2900 आणि पाण्यात 1300 असं रीडिंग आलं, तर हिशेब असा:

```
moisture = (2900 - raw) * 100 / (2900 - 1300)
```

म्हणजे 2260 रीडिंगला 40% ओलावा. या एका ओळीच्या बुलेटमधून आता तीन ठिकाणचा मजकूर निघतो. 40 वर पंप चालू आणि 60 वर बंद असे दोन आकडे का घेतले (एकच ठेवला तर रीडिंग त्याच्या आसपास हलताना रिले कटकट करत राहतो), हे डिझाइनच्या चॅप्टरमध्ये जातं. हवेतलं आणि पाण्यातलं रीडिंग कसं घेतलं, हे इम्प्लिमेंटेशनमध्ये. आणि हे टक्के मातीतल्या पाण्याचं खरं प्रमाण नव्हेत, हवा आणि पाणी यांच्यामधली फक्त एक पट्टी आहे, काळ्या मातीत आणि कुंडीतल्या मातीत तिचा अर्थ वेगळा निघेल, हे मर्यादांमध्ये. प्रत्येक स्लाइडवर हेच करा: स्लाइड समोर ठेवून एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपून घ्यायचं आणि मगच कोणतं वाक्य कोणत्या चॅप्टरचं ते ठरवायचं.

स्लाइडवर कधीच न आलेल्या अडचणीही रिपोर्टमध्ये हव्यात. सेन्सर आधी जीपीआयओ 26 ला जोडला होता आणि वाय-फाय चालू केल्यावर रीडिंग मिळेना, असं झालं असेल तर ते लपवू नका. ती पिन एडीसी2 ची आहे आणि ईएसपी32 वर वाय-फाय चालू असताना एडीसी2 भरवशाने वाचता येत नाही, म्हणून एडीसी1 ची जीपीआयओ 34 वापरली. काम तुम्ही स्वतः केलंय याचा याहून चांगला पुरावा माझ्या मते नाही.

रिझल्टच्या स्लाइडवर "पाण्याची 30% बचत" असं ठळक लिहिलेलं असतं. रिपोर्टमध्ये हा आकडा नुसता उचलून ठेवू नका. हाताने पाणी घालताना दिवसाला 6 लिटर लागत होतं, यंत्रणेने 4.2 लिटर लागलं, म्हणून 1.8 भागिले 6. पण कुंड्या दोन्ही वेळी त्याच होत्या का, किती दिवस मोजलं, मध्ये पाऊस पडला का? हे टेबलात नसेल तर 30% काढून टाकलेले बरे. सीरियल मॉनिटरचा स्क्रीनशॉट म्हणजे रिझल्ट नव्हे. त्यातली रीडिंग टेबलात टाइप करा.

काळाचं भान आणखी एक. सातव्या सेमिस्टरच्या पीपीटीतली "वापरणार आहोत" छापाची वाक्यं आठव्या सेमिस्टरच्या रिपोर्टमध्ये तशीच राहतात आणि तयार झालेला पंप अजून होणारच असतो. "will" शोधून एकेक वाक्य तपासा. ते फक्त फ्यूचर स्कोपमध्ये शोभतं.

काळ्या बॅकग्राउंडवरचा ब्लॉक डायग्राम कृष्णधवल प्रिंटमध्ये काळा ठोकळा होतो. तो पांढऱ्यावर पुन्हा काढा, आकृतीला नंबर द्या आणि मजकुरात त्या नंबरचा उल्लेख करा.

राहिलं वर्ड. चॅप्टरची नावं नुसती बोल्ड केली तर अनुक्रमणिका आपोआप बनत नाही, Heading 1 आणि Heading 2 लावा. आकृत्यांना Insert Caption वापरा. शेवटी Ctrl+A आणि F9 दाबून सगळं अपडेट करा. कुठे `Error! Reference source not found.` दिसलं, तर तुम्ही उडवलेल्या एखाद्या आकृतीचा उल्लेख मजकुरात राहिलाय. बाइंडिंगवाल्याकडे मात्र वर्ड फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की पानं सरकतात आणि आकृती एका पानावर, तिचं नाव दुसऱ्या पानावर जातं.