प्रॉप आणि ब्यूट मध्ये गोंधळ होतो? हे करून बघा

सेंद्रिय संयुगांच्या नावांत सुरुवातीला येणारे मेथ, इथ, प्रॉप, ब्यूट म्हणजे १ ते ४ कार्बन, पण पेंट, हेक्ससारखे हे आकड्यांवरून आलेले नाहीत म्हणून पाठ होत नाहीत. मग मूळ शब्दच धरायचे.

१. मेथ: ग्रीक 'मेथी' म्हणजे दारू (भाजीतली नव्हे!), 'हिली' म्हणजे लाकूड, लाकडाची दारू म्हणजे मिथेनॉल.
२. इथ: ईथरवरून.
३. प्रॉप: 'प्रोटोस' पहिला, 'पिऑन' चरबी. चरबीसारखं वागणारं पहिलं, म्हणजे सगळ्यात छोटं अ‍ॅसिड प्रोपिऑनिक, त्यात ३ कार्बन.
४. ब्यूट: लॅटिन 'ब्यूटिरम' म्हणजे बटर, खवट बटरचा वास येतो तो ब्यूटिरिक अ‍ॅसिडचा, CH3CH2CH2COOH, मोजा, ४ भरतात.

फक्त मोजताना COOH मधला कार्बन सोडू नका, नाहीतर ब्यूटिरिकचं प्रॉप होऊन बसतं.