कर्ज-पात्रतेचे नियम तपासायला बसण्याआधी: एकाच अर्जाला दोन नियम लागतात तेव्हा

गेल्या खरिपात माझ्या हातून एक तपासणी चुकली. दारव्हा-दिग्रस भागातल्या गावांना पीक कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या सॉफ्टवेअरचे पात्रता नियम मी, कोणत्या अटींना कोणता निकाल हे दाखवणारा निर्णय तक्ता मांडून तपासले होते आणि 'ठीक' म्हणून सही केली होती. मृग लागून आठवडा झाला असेल, एका गटसचिवांचा फोन आला. "सर, एकाच सातबाऱ्यावरचे दोघं भाऊ हायेत. मोठ्याचं मागच्याच हप्त्यात संमतीपत्रासाठी अडकवलं, अन् लहान्याचं आज सरळ मंजूर दाखवून राह्यलं. आता मोठ्याले मी काय सांगू?" जमीन तीच, मागणी दोघांचीही दीड लाखाची, थकबाकी कोणाचीच नाही. माझ्या तक्त्यात हा अर्ज दोन नियमांत बसत होता आणि मला ते दिसलं नव्हतं. यंदा पुन्हा हेच काम हाती आहे, म्हणून तयारी लिहून ठेवतो. तुमच्याकडे असं काम आलं तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी नियम लेखी हवेत. फोनवर सांगितलेले नकोत, जुन्या प्रणालीतून उचललेलेही नकोत. ज्यांनी धोरण ठरवलं त्यांच्या सहीचा, तारीख असलेला कागद हवा. तारीख यासाठी की आकडे बदलतात. विनातारण शेती कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून 1.60 लाखांवरून 2 लाख केली, आणि जुना कागद हाती असेल तर सगळी तपासणी जुन्या आकड्यावर होते. हाच कागद घेताना आणखी एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तरही लेखी घ्या: एकाच अर्जाला दोन नियम लागले तर काय करायचं? मी हा प्रश्न विचारला नाही. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मग अटी वेगळ्या काढा. अट अशी हवी की तिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येईल. आमच्या कामात चार अटी होत्या: थकबाकी आहे का, रक्कम 2 लाखांपर्यंत आहे का, सातबारा सामाईक आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली आहे का. दुसऱ्या अटीपाशी जरा थांबा. ही मर्यादा कर्जदारामागे आहे. नव्या मागणीत आधीचं येणं धरायचं की नाही हे नक्की केल्याशिवाय 'रक्कम' या शब्दाला अर्थ नाही. दुग्धव्यवसायाचं 80 हजारांचं कर्ज बाकी असलेला माणूस दीड लाख मागतो तेव्हा उत्तर 'नाही' यायला हवं.

चार अटी म्हणजे सोळा शक्यता. आता नियम उभ्या स्तंभांत मांडा. ज्या अटीने फरक पडत नाही तिथे आडवी रेघ येते, आणि रेघेकडे नीट लक्ष द्या. एक रेघ म्हणजे दोन शक्यता, दोन रेघा म्हणजे चार, तीन म्हणजे आठ. आमच्याकडे पाच नियम आले होते. पहिला: थकबाकी असेल तर नामंजूर, बाकी तिन्ही ठिकाणी रेघ. दुसरा: थकबाकी नाही आणि रक्कम 2 लाखांपर्यंत, तर विनातारण मंजूर, पुढे दोन रेघा. तिसरा: थकबाकी नाही, सातबारा सामाईक, वर्ग 2 नाही, तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र येईपर्यंत प्रलंबित. यात रकमेच्या जागी रेघ. चौथा: थकबाकी नाही, रक्कम जास्त, सातबारा स्वतंत्र, वर्ग 2 नाही, तर गहाणखत घेऊन मंजूर. पाचवा तसाच, फक्त जमीन वर्ग 2 ची, तर प्रकरण समितीकडे.

आता मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक नियमाच्या शक्यता मोजल्या: आठ, चार, दोन, एक, एक. बेरीज सोळा. शक्यताही सोळाच. तक्ता पूर्ण आहे असं समजून मी पुढे गेलो.

ही बेरीज फसवी होती. सोळा भरली, कारण एक शक्यता दोनदा मोजली गेली आणि एक मुळीच मोजली गेली नाही. थकबाकी नाही, रक्कम कमी, सातबारा सामाईक, वर्ग 2 नाही, हा अर्ज दुसऱ्यातही बसतो आणि तिसऱ्यातही. थकबाकी नाही, रक्कम जास्त, सामाईक आणि वर्ग 2, हा अर्ज कुठेच बसत नाही. जास्तीचा एक आणि कमी पडलेला एक, दोघांनी एकमेकांना झाकलं. बेरीज सोळापेक्षा वेगळी आली असती तर गडबड कळली असती. बरोबर आली की काहीच सिद्ध होत नाही. हे दोनदा वाचा.

म्हणून बेरजेवर थांबू नका, नियम जोडी-जोडीने ताडून पाहा. पाच नियमांच्या दहा जोड्या होतात, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन स्तंभ शेजारी ठेवा आणि वरून खाली या. निदान एका अटीवर एकात 'हो' आणि दुसऱ्यात 'नाही' असेल तर ते दोन नियम एकाच अर्जाला कधीच लागणार नाहीत. असा विरोध एकाही ओळीत सापडला नाही तर ते एकमेकांवर चढलेले आहेत. रेघ कोणाशीही विरोध करत नाही, त्यामुळे जिथे रेघा जास्त तिथे धोका जास्त. पहिल्या नियमाच्या चारही जोड्या थकबाकीवरच सुटतात. उरलेल्या सहांपैकी पाच सुटतात. दुसरा आणि तिसरा सुटत नाहीत.

हाताने कंटाळा येत असेल तर यंत्राकडून करून घ्या, पण करा. अटी वरच्याच क्रमाने, हो म्हणजे `Y`, नाही म्हणजे `N`:

```python
from itertools import product
rules = [(1,"Y---"),(2,"NY--"),(3,"N-YN"),(4,"NNNN"),(5,"NNNY")]
for c in product("YN", repeat=4):
    hits = [n for n, r in rules
            if all(a in ("-", b) for a, b in zip(r, c))]
    if len(hits) != 1:
        print("".join(c), hits)
```

उत्तरात दोनच ओळी येतात, `NYYN [2, 3]` आणि `NNYY []`. पहिली ओळ म्हणजे त्या दोघा भावांचा अर्ज. आमच्याकडे बापाच्या माघारी फेरफार होऊन सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात आणि वाटणी कित्येक वर्षं होत नाही. ज्याला मी कोपऱ्यातला अपवाद समजलो असतो तोच इथला नेहमीचा अर्ज आहे.

जोडी सापडली की दोन्ही नियमांचे निकाल पाहा. निकाल एकच असेल तर आज नुकसान नाही, तरी नोंद करा, कारण उद्या कोणी एकाच नियमात दुरुस्ती केली की दोघांची तोंडं दोन दिशांना होतील. निकाल वेगळे असतील तर स्वतःच्या मनाने निवडू नका, धोरण ठरवणाऱ्यांकडे जा. आमच्याकडे उत्तर आलं ते मला सुचलं नव्हतं: दोन्ही बरोबर आहेत. तारण घ्यायचं नाही, आणि संमतीपत्रही हवं. म्हणजे भांडण नियमांत नव्हतंच. 'विनातारण मंजूर' या एका शब्दप्रयोगात तारणाचा निर्णय आणि कागदपत्रांचा निर्णय, दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकत्र बांधल्या होत्या. तक्त्याच्या खालच्या भागात, जिथे निकाल लिहितात तिथे, तारण, संमतीपत्र आणि अंतिम निकाल अशा तीन वेगळ्या ओळी केल्या तेव्हा नियम सुटे झाले. शेजारचा अर्जही तेव्हाच दिसला: रक्कम कमी, सामाईक, पण वर्ग 2. तो फक्त दुसऱ्या नियमात बसत होता, म्हणून संमतीपत्राशिवाय सुटत होता. तिथे दोन नियम एकमेकांवर चढलेले नव्हते, नियमच अपुरा होता. नवीन तक्त्यात सात स्तंभ झाले: आठ, दोन, दोन आणि मग चार वेळा एक. बेरीज सोळाच, पण या वेळी जोड्याही तपासल्या.

आता क्रम. मागच्या वेळी तपासणीत `NYYN` चा अर्ज मी टाकला नव्हता असं नाही. टाकला होता, उत्तर 'प्रलंबित' आलं आणि मला ते योग्य वाटलं. पण प्रणाली नियम डेटाबेसमधून उचलत होती ते असे:

```sql
SELECT * FROM rules WHERE active = 1;
```

यात `ORDER BY` नाही, म्हणजे नियम कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. पहिला जुळेल तो लागू, अशी रचना होती. त्या दिवशी तिसरा आधी आला. जूनमध्ये कोणीतरी त्या नियमातली शब्दाची चूक सुधारायला तो काढून पुन्हा भरला, आणि तो दुसऱ्याच्या मागे गेला. मोठ्या भावाचा अर्ज त्याआधीचा, लहान्याचा नंतरचा. म्हणून जोडीतला प्रत्येक अर्ज दोनदा चालवा, एकदा नियम आहेत त्या क्रमाने आणि एकदा उलट करून. उत्तर बदललं तर चढलेली जोडी अजून आत आहे. एकदा बरोबर आलेल्या उत्तरावर विसंबू नका, मी विसंबलो.

चाचणीचे अर्ज: प्रत्येक स्तंभाला एक पुरत नाही. रेघ असेल तिथे 'हो' आणि 'नाही' दोन्ही घाला. सोळाच शक्यता आहेत, सोळाही चालवा. अटी आठ झाल्या तर 256 होतात, तेव्हा निवड करावी लागेल, पण जोड्यांतले अर्ज त्यात आलेच पाहिजेत. रक्कम 2,00,000 आणि 2,00,001. सामाईकसाठी खरा नमुना घ्या, एक नाव असलेला आणि तीन नावांचा. अपेक्षित निकाल चाचणीआधी लिहा.

चालवताना निकालाबरोबर कोणता नियम लागला त्याचा क्रमांकही नोंदवून घ्या. दोन क्रमांक आले तर थांबा.

नियमात एक अक्षर बदललं तरी जोड्या पुन्हा. थेट प्रणालीवर चढवल्यावर `NYYN` आणि `NNYY` पुन्हा. सही त्यानंतर. आणि हे सगळं मे संपायच्या आत, कारण पाऊस पडल्यावर गटसचिवाच्या दारात माणसं बियाण्याच्या पैशासाठी उभी असतात.