विमानात रोजा असेल तर इफ्तार किती वाजता? कागदावर वेळ काढायची सोपी पद्धत

रमजानमध्ये सोलापुरातनं उमऱ्याला जाणारे बरेच असतात, आणि मुंबईहून जेद्दाहची संध्याकाळची फ्लाइट असली की दरवर्षी तोच गोंधळ, कुणी सोलापूरच्या टाइमटेबलवर खजूर तोंडात टाकतंय, कुणी मुंबईच्या, आणि खिडकीबाहेर बघावं तर सूर्य मस्त वर लटकलेला. नियम तसा सरळ आहे, तुम्ही जिथं आहात तिथनं सूर्य मावळलेला पाहिजे. विमानात असाल तर विमानातनं. खाली जमिनीवर अंधार पडला असला तरी तुमच्या खिडकीतनं सूर्य दिसत असेल तर रोजा चालूच आहे.

वेळ पुढं ढकलणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे दिशा. जेद्दाह पश्चिमेला, म्हणजे विमान सूर्याच्याच मागं पळतंय. दुसरी उंची. जितकं वर जाल तितकं क्षितिज खाली सरकतं आणि सूर्य जास्त वेळ दिसत राहतो. दुबईत २०११ साली बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना हेच सांगितलं होतं, ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी २ मिनिटं आणि १५० व्याच्या वरच्यांनी ३ मिनिटं थांबून इफ्तार करावी. ती तर फक्त इमारत, विमान ३६ हजार फुटांवर असतं. तिथं आपल्याकडच्या अक्षांशावर हा फरक साधारण १४ मिनिटांचा होतो. पण उंची दुप्पट म्हणून मिनिटं दुप्पट असं नसतंय, उंची चौपट झाली की मिनिटं दुप्पट होतात. त्यामुळं १० हजार फुटांवरसुद्धा ७ मिनिटं धरावी लागतात.

आता हिशोब. घरीच बसून करा, विमानात डोकं चालत नाही, उपाशी तर नाहीच नाही.

आधी सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा, भारतीय वेळच धरा. १ मार्चच्या आसपासचं उदाहरण घेऊ. मुंबईचा सूर्यास्त ६:४४. जेद्दाहचा तिथल्या घड्याळात ६:२७, पण तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, म्हणजे आपल्या वेळेनं ८:५७. दोन्हीतला फरक २ तास १३ मिनिटं, म्हणजे १३३ मिनिटं. (सोलापूरचा सूर्यास्त त्या दिवशी ६:३२ ला, मुंबईच्याही आधी, म्हणून आपल्या मोहल्ल्याचं टाइमटेबल इथं सगळ्यात धोक्याचं.)

समजा विमान ५:१५ ला उडालं आणि हवेत ५ तास आहे. १३३ भागिले ५, म्हणजे दर तासाला सूर्यास्त २७ मिनिटं पुढं पळतोय. तुमचा एक तास गेला की सूर्यास्ताशी अंतर ६० नाही, फक्त ३३ मिनिटांनी कमी झालं. हा ३३ चा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा.

उड्डाणापासून मुंबईच्या सूर्यास्तापर्यंत ८९ मिनिटं होती. त्यात उंचीची १४ मिळवा, झाले १०३. १०३ भागिले ३३, म्हणजे ३.१ तास, साधारण ३ तास ७ मिनिटं. ५:१५ मध्ये मिळवले की ८:२२. ही तुमची इफ्तारची अंदाजे वेळ, मुंबईपेक्षा दीड तासाहून जास्त उशिरा. उंची धरली नसती तर उत्तर ७:५७ च्या आसपास आलं असतं, म्हणजे १४ मिनिटांचा फरक पश्चिमेला पळण्यामुळं २५ मिनिटांचा झाला. इथंच लोक चुकतात, खालच्या गावाचा सूर्यास्त बघतात आणि उघडून मोकळे होतात.

फ्लाइट लेट झाली तर ८९ चा आकडा बदलायचा आणि शेवटी ५:१५ च्या जागी उड्डाणाची खरी वेळ धरायची. अर्धा तास उशिरा उडालं तर ५९ अधिक १४, म्हणजे ७३, भागिले ३३. बाकी सगळं तेच.

हा अंदाज आहे, विमानाचा वेग आणि रस्ता बदलला की १०-१५ मिनिटं इकडंतिकडं होणारच, म्हणून शेवटचा निर्णय डोळ्यानं नाहीतर पायलटच्या सांगण्यावर. गल्फच्या मोठ्या एअरलाइन्स रमजानमध्ये विमानाची जागा आणि उंची धरून वेळ काढतात आणि अनाउन्स करतात. तुमच्या फ्लाइटमध्ये तसं नसेल तर चढतानाच क्रूला सांगून ठेवा की सूर्य मावळला की कॉकपिटमधनं विचारून कळवा. मार्चच्या सुरुवातीला मुंबई-जेद्दाह रस्त्यावर सूर्य जवळपास विमानाच्या नाकासमोर, थोडा डावीकडं मावळतो. त्यामुळं खिडकीची सीट मिळाली तरी गोळा दिसेलच असं नाही, पायलटला मात्र समोरच दिसतो.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर डावीकडची खिडकी घ्या आणि पंखाच्या टोकाकडं लक्ष ठेवा. त्यावर थेट नारिंगी ऊन पडलेलं असेल तर सूर्य अजून आहे, समोर ढगाची भिंत आली म्हणून गोळा दिसेनासा झाला असला तरी. मग मागं पूर्वेकडं बघा. क्षितिजावर गडद निळा-करडा पट्टा वर यायला लागतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी रेष असते. ती पृथ्वीची सावली, सूर्य गेला की वर चढायला लागते. पंखावरचं ऊन गेलंय आणि तो पट्टा दिसतोय, तर मग बिनधास्त बिस्मिल्लाह करा.

मोबाइलच्या नमाज अ‍ॅपवर जास्त विसंबू नका. फ्लाइट मोडमध्ये ते बहुतेक शेवटचं सेव्ह केलेलं शहर धरून बसतं, आणि जागा बरोबर पकडली तरी वेळ जमिनीवरचीच देतं.

जेवणाची ट्रॉली उड्डाणानंतर तासाभरात येते, म्हणजे साधारण सव्वासहाला, आपल्या इफ्तारच्या कितीतरी आधी. ट्रे घेऊन समोर ठेवू नका, तुमचा ट्रे मागं ठेवायला सांगा, सीट नंबर द्या. खजूर हँडबॅगेत चालतात. पाण्याची बाटली सिक्युरिटीला रिकामी न्या आणि पलीकडं जाऊन भरा.

सहरीचं गणित उलटं. सोलापुरातनं आदल्या रात्रीच्या ट्रेननं निघालात तर सहरी गाडीतच होते, तिथं सोलापूरचं टाइमटेबल चालतं कारण आपल्याकडं पहाट मुंबईच्या आधी होते. परतीच्या रात्रीच्या फ्लाइटमध्ये मात्र विमान पूर्वेला, पहाटेच्या अंगावर जातं आणि उंचीमुळं उजेड आणखी लवकर दिसतो. तिथं सूर्योदयाची वाट बघायची नसतीच, सुबह सादिकच्या आधी थांबायचं, म्हणून हिशोबानं जी वेळ येईल तिच्या २० मिनिटं आधीच पाणी पिऊन मोकळं व्हा.

प्रवाशाला रोजा सोडून नंतर कजा करायची सवलत कुराणातच आहे (२:१८४), पण सकाळी घरी रोजा धरून मग निघालात तर हनफी मसलकात तो पूर्ण करावा लागतो, तेव्हा निघायची वेळ धरून आपल्या मौलानांना आधीच विचारा. आणि मुंबई एअरपोर्टवर सूर्य मावळल्यावर इफ्तार केली, विमान वर गेलं आणि सूर्य परत दिसला, तर घाबरू नका, तो रोजा झालेला आहे.